जोर राहिले, बैठका गेल्या

(यवतमाळ जिल्ह्यातील एका व्यायामशाळेत तरुण व पालक यांच्यासमोर एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आपल्या भाषेत एक जोडशब्द आहे, ‘जोर-बैठका’. आपण तो एका दमात उच्चारतो, जणू ती एकच वस्तू आहे. परंतु त्या दोन वस्तू आहेत. जोर म्हणजे हातांनी जमीन ढकलणे आणि बैठक म्हणजे पायांनी शरीर पेलणे. जुन्या तालमीत या दोहोंची फारकत कधी झाली नाही. आमचे वस्ताद तर जोरांच्या दुप्पट बैठका मोजून घेत. आज मी जिल्ह्यातल्या व्यायामशाळांतून फिरतो, तेव्हा दिसते ते असे की, जोर राहिले आहेत आणि बैठका गेल्या आहेत. त्यांच्याबरोबर आणखी एक तिसरी गोष्टही गेली आहे, ती म्हणजे ओढण्याचा व्यायाम. तिची आठवणही फारशी कुणाला उरलेली नाही.

हे बरोबर की चूक, हे भावनेने ठरवायचे नाही. आठवड्याच्या व्यायामाची वही उघडावी आणि हिशेब मांडावा. तो कसा मांडायचा, एवढाच आजचा माझा विषय आहे.

तालमीतला न मोजलेला समतोल

जुन्या तालमीत कुणी असा हिशेब मांडत नसे, कारण त्याची गरज नव्हती. पैलवान पहाटे फावड्याने हौदा खणत असे. खाली वाकायचे, माती ओढायची, पुन्हा सरळ व्हायचे. त्यात पाठ, कंबर आणि मांडीचा मागचा भाग या सर्वांना काम मिळे. त्यानंतर जोर आणि बैठका. मग प्रत्यक्ष कुस्ती, म्हणजे जोडीदाराला धरणे, खेचणे, उचलणे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवा उजाळा दिला, त्यात तर सारे शरीर हातांनी व मांड्यांनी खांबाशी आवळून वर ओढायचे असते. आपल्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झाले आणि १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके दाखविली. त्या परंपरेत ढकलणे, ओढणे, बसणे, उचलणे ही चारही कामे आपोआप येत होती.

काळ बदलला. हौद्याच्या जागी फरशी आली, मल्लखांबाच्या जागी बेंच आला. भिंतीवर आरसा लागला आणि आरशात छाती व दंड दिसू लागले. पाठ आरशात दिसत नाही, मांडीचा मागचा भागही दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा व्यायाम मागे पडतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

दुसरे एक कारण अधिक व्यावहारिक आहे. आपल्या जिल्ह्यातले असंख्य तरुण पोलीस भरतीची तयारी करतात. पूर्वी पुरुषांच्या शारीरिक चाचणीत पुल-अप्स आणि लांब उडीही असे. पुढे नियम बदलले आणि आता १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे व गोळाफेक एवढेच राहिले. परीक्षेतून पुल-अप्स गेले, त्याबरोबर ते मुलांच्या आठवड्यातूनही गेले. परीक्षेत जे विचारत नाहीत ते विद्यार्थी वाचत नाही, तसेच हे झाले.

एका वहीची गोष्ट

दारव्हा तालुक्यातला एक तरुण दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. आधीच्या भरतीत १०० मीटर धावताना त्याच्या उजव्या मांडीचा मागचा स्नायू धरला होता. घरची कोरडवाहू शेती, वडिलांचे वय झालेले आणि वयोमर्यादेनुसार हातात आणखी एकच संधी. तो म्हणाला, “सर, मी एक दिवस चुकवत नाही. मग माझंच असं का होतं?” मी म्हणालो, “वही आण.”

वही नीटनेटकी होती. आठवडा असा होता. सोमवारी पंचवीस-पंचवीस जोरांचे पाच सेट, बेंच प्रेसचे चार आणि डंबेल खांद्यावरून वर ढकलण्याचे तीन. मंगळवारी धावणे आणि डबल बारवर डिप्सचे तीन सेट. बुधवारी पुन्हा जोरांचे पाच आणि तिरक्या बेंचवर चार. गुरुवारी गोळाफेकीचा सराव आणि खांद्याचे तीन. शुक्रवारी जोरांचे पाच, बेंचचे चार, पुली खाली ओढण्याचे तीन आणि दंड फुगवण्याचे चार. शनिवारी ‘पाय’ असे लिहून बैठकांचे तीन व खांद्यावर वजन घेऊन बसण्याचे चार सेट. रविवारी विश्रांती.

मी एका कोऱ्या पानावर चार रकाने आखले: ढकलणे, ओढणे, गुडघ्यातून बसणे आणि कमरेतून वाकून उचलणे. प्रत्येक सेट ज्याच्या त्याच्या रकान्यात टाकायला त्यालाच सांगितले. ढकलण्याच्या रकान्यात जोरांचे पंधरा, बेंचचे बारा, खांद्याचे सहा आणि डिप्सचे तीन, असे एकूण ३६ सेट जमले. ओढण्याच्या रकान्यात त्याने सात लिहिले. त्यातले दंडाचे चार मी खोडले. दंड फुगवताना कोपर वाकते खरे, पण पाठ आणि खांद्याचा मागचा भाग जवळजवळ स्वस्थ असतो. म्हणून त्या रकान्यात तीनच उरले. बसण्याच्या रकान्यात सात. कमरेतून वाकून उचलण्याचा रकाना मात्र कोरा राहिला.

मग मी मागची सहा आठवड्यांची पाने उलटली आणि दर शनिवारची खूण पाहिली. सहापैकी एकाच शनिवारी पायांपुढे खूण होती. एकदा लग्न, एकदा क्रिकेटचा सामना, दोनदा नुसते धावणे, एकदा काहीच नाही. म्हणजे कागदावरचे सात सेट प्रत्यक्षात आठवड्याला सरासरी एकच पडत होता. आढावा घेताना बहुतेक जण इथेच फसतात. ते ठरवलेला आठवडा तपासतात, घडलेला तपासत नाहीत. जो व्यायाम आठवड्याच्या शेवटच्या दिवशी एकदाच ठेवलेला असतो, तोच सर्वांत जास्त वेळा बुडतो. म्हणून हिशेब नेहमी मागच्या चार ते सहा आठवड्यांचा, आणि तोही घडलेल्या व्यायामाचा करावा.

कोणता सेट धरावा

त्याने एक रास्त शंका काढली. “सर, मी एका दमात साठ जोर काढतो. पंचविसांत मला काही होत नाही. तेही धरायचे का?” प्रश्न अचूक होता. ज्या सेटच्या शेवटी आणखी दोन-तीनच वेळा करता आले असते असे वाटते, तो सेट शक्तीच्या दृष्टीने पुरा धरावा. जिथे आणखी तीस वेळा करण्याची ताकद शिल्लक आहे, तो सेट अंग मोकळे करण्यापुरता. म्हणून त्याचे पंधराही जोरांचे सेट आम्ही बाजूला ठेवले. तरीही ढकलणे २१ आणि ओढणे ३. सवलत देऊनसुद्धा सातास एक!

येथे सूर्यनमस्कारांविषयी सांगायला हवे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते रोज होतात आणि ‘त्यात सगळे येते’ अशी आपली समजूत असते. सूर्यनमस्कारात पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो, सांधे मोकळे होतात, श्वासाला लय येते. पण प्रत्येक नमस्कारात हात जमीन ढकलतात, शरीराकडे काहीही ओढून घेत नाहीत. पाय मागे-पुढे जातात, पण मांडीवर मोठा भार येत नाही. सूर्यनमस्कार जरूर घालावेत, मात्र हिशेबाच्या कागदावर ओढण्याचा आणि उचलण्याचा रकाना त्यांनी भरत नाही.

धावण्याचेही तसेच. धावल्याने पायांचा दम वाढतो. पण रोज धावतो म्हणून पायांची शक्ती वेगळी कमवायला नको, हा भ्रम आहे. १०० मीटरच्या पूर्ण वेगात, पाऊल जमिनीला टेकण्याच्या आधीच्या क्षणी, मांडीचा मागचा स्नायू ताणला जात असतानाच पुढे जाणाऱ्या पायाला आवर घालत असतो. हे काम फार जोराचे असते. ज्या स्नायूला तशी सवयच नाही, तो तिथे धरण्याची शक्यता वाढते. त्या मुलाचा स्नायू केवळ याच कारणाने धरला असे मी म्हणणार नाही. कमी झोप, अंग गरम न करता धावणे, जुनी दुखापत, अशी अनेक कारणे असतात. पण रकाना कोरा होता, आणि तो भरणे आपल्या हातात होते.

दुरुस्ती: भर घालायची नाही, बदल करायचा

कमी पडते म्हणून ओढण्याचे आणखी तीस सेट घालावेत, असे कुणाला वाटेल. तसे केल्यास आठवडा मावत नाही आणि कोपराच्या आतल्या बाजूची शीर दुखू लागते. आधी ढकलणे कमी करायचे. एकेका स्नायूगटाला आठवड्यात सुमारे दहा चांगले सेट, तेही दोन-तीन दिवसांत वाटून मिळाले, तर बहुतेकांची प्रगती होते. आम्ही १२ ढकलण्याचे, १२ ओढण्याचे, ६ बसण्याचे आणि ६ उचलण्याचे असे ३६ सेट ठरवले. पूर्वी त्याच्या वहीत दंडासकट ५० सेट असत. म्हणजे काम कमीच झाले.

सोमवारी सुरुवात पायांनी. खांद्यावर वजन घेऊन बसणे तीन, गोणी जमिनीवरून उचलणे तीन, मग सिंगल बारवर ओढणे तीन आणि बेंच तीन. बुधवारी पाय नाहीत. बारवर ओढणे तीन, आडवे ओढणे तीन, खांद्यावरून ढकलणे तीन आणि पाय ओट्यावर ठेवून अवघड जोर तीन. शुक्रवारी एका पायावर जोर देऊन बसणे तीन, मांडीच्या मागच्या भागासाठी तीन, आडवे ओढणे तीन, बेंच तीन. मंगळवारी सोमवारचे पाय जड असतात, म्हणून संथ धावणे. गुरुवारी १०० मीटर आणि गोळाफेक, कारण बुधवारी पायांना विसावा मिळालेला असतो. पायांचा दिवस वेगाच्या दिवसाच्या लगेच आधी ठेवायचा नाही. पायांचा व्यायाम आता आठवड्यात दोनदा आणि दिवसाच्या आरंभी आला, म्हणून तो बुडणे कठीण झाले.

साधनांची अडचण सांगू नका. आडवे ओढण्यासाठी कमरेइतक्या उंचीचा पक्का बार घ्या, त्याखाली उताणे व्हा, टाचा जमिनीवर ठेवा आणि शरीर फळीसारखे सरळ धरून छाती बारकडे ओढा. ज्याला पुल-अप येत नाही त्याने स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्यावी आणि चार-पाच सेकंद घेत सावकाश खाली यावे. उचलण्यासाठी वाळू भरलेली वीस-तीस किलोची गोणी पुरे. गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून, नितंब मागे नेत वाकायचे. पाठीची कमान गोल झाली की वजन जास्त झाले असे समजावे. मांडीच्या मागच्या भागासाठी गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने टाचा घट्ट धराव्यात आणि शरीर सरळ ठेवून जमेल तितके सावकाश पुढे झुकावे, शेवटी हात टेकावेत. फुटबॉलपटूंवरील अभ्यासांत या एका व्यायामाने त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटल्याचे आढळले आहे. मात्र पहिल्या दिवशी एका सेटमध्ये चार-पाचांपेक्षा जास्त करू नये. नाहीतर दोन दिवस जिना उतरवत नाही.

वाढही टप्प्याने केली. ओढण्याचे सेट पहिल्या आठवड्यात सहा, मग आठ, दहा आणि चौथ्या आठवड्यात बारा. पायांचेही प्रत्येकी एकेका सेटने आरंभले.

पुन्हा आढावा

चार आठवड्यांनी मी पुन्हा वही मागितली. ढकलण्याचे सेट १२ ठरले होते, झाले होते १७! मित्र बेंचवर जमत आणि “एक सेट मार” म्हणत, तसे ते वाढले होते. शुक्रवारचे पाय एकदा बुडाले होते. मी रागावलो नाही. आढावा एकदा घेऊन संपत नाही, कारण आठवडा आपल्या आवडीकडे कलत राहतो. दर चार आठवड्यांनी तो सरळ करावा लागतो.

पुढे जून आला, पेरणी आली. मुलगा दिवसभर शेतात. मग डवरणी, निंदण, फवारणी. हे श्रम हिशेबात कसे धरायचे? निंदणाला तासन्‌तास वाकावे लागते. त्यात भार थोडा असतो पण कंबर थकते. त्याने शक्ती फारशी वाढत नाही, मात्र थकवा खरा असतो. म्हणून अशा आठवड्यांत गोणी उचलण्याचे सेट निम्मे करावेत, पण शून्य करू नयेत. ओढणे चालू ठेवावे, कारण तो रकाना शेतीच्या या कामांत फारसा भरत नाही.

सेट मोजण्याबरोबर शक्तीही तपासावी. आरंभी तो साठ जोर काढत असे, पण पुल-अप एकच होत असे आणि बारखाली आडवे ओढणे सात. ओट्यावर टाच ठेवून एका पायाने कंबर उचलताना डाव्या पायाने अठ्ठावीस वेळा होई, दुखापत झालेल्या उजव्याने सोळाच. बारा आठवड्यांनी पुल-अप सहा झाले, आडवे ओढणे अठरा, आणि उजवा पाय पंचविसावर आला. जोर? ते साठावरच राहिले. ढकलणे इतके कमी करूनही काही गमावले नाही. जादा सेट किती व्यर्थ होते, हे त्यावरून कळते.

हिशेबाच्या मर्यादा

ढकलणे आणि ओढणे समान असावे हा निसर्गनियम नाही, तो सोयीचा ठोकताळा आहे. बारास दहा झाले म्हणून खांदा निखळत नाही. पुढे झुकलेले खांदे केवळ जोरांनीच होतात आणि ओढल्याने हमखास सरळ होतात, असेही कुणी छातीठोक सांगू नये. त्यात बसण्याच्या सवयी आणि शरीराची ठेवण यांचाही वाटा असतो. पण सातास एक हे प्रमाण आणि पायांचा कोरा रकाना, याला ठोकताळ्याची गरज नाही. तेथे अर्धे शरीर व्यायामाविना राहिले आहे, एवढे उघड दिसते. खांद्यात किंवा गुडघ्यात दुखणे आधीच असेल, रात्री झोप मोडत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

शिवाय असमतोल दोन्ही बाजूंनी असू शकतो. मल्लखांब आणि दोरीवर रोज सराव करणाऱ्या एका मुलीचा आठवडा मी मांडला, तेव्हा ओढण्याचा रकाना भरून वाहत होता आणि ढकलणे नावालाच होते. तिला मी जोर सांगितले. कुस्तीगीराला मॅटवर ओढणे भरपूर मिळते, त्याने ते मोजूनच बाकीचे ठरवावे. पालकांपैकी जे चालतात आणि सूर्यनमस्कार घालतात, त्यांनी आठवड्यातून दोन दिवस हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस करावी आणि पक्क्या बारला धरून उभ्यानेच तिरके होऊन शरीर ओढावे. त्यांचे दोन कोरे रकाने तेवढ्याने भरू लागतात.

तो मुलगा पुढच्या चाचणीत १०० मीटर पुरे धावला आणि पाय धरला नाही. निवड यादी लागली तेव्हा त्याचे नाव दोन गुणांनी राहिले होते, तेही लेखी परीक्षेत. आता त्याची वयोमर्यादा संपली आहे. तो शेती पाहतो आणि संध्याकाळी गावातल्या पोरांचा व्यायाम घेतो. गेल्या महिन्यात मी त्या गावी गेलो. व्यायामशाळेच्या भिंतीवर आरशाशेजारी त्याने खडूने चार रकाने आखले होते. प्रत्येक मुलाने आपला सेट झाला की त्यात रेघ ओढायची, असा त्याचा दंडक आहे. चौथ्या रकान्यातही रेघा होत्या. त्या मी मोजल्या.

आज घरी गेल्यावर तुम्हीही आपली वही काढा, मागचे चार आठवडे उघडा आणि चार रकाने आखा. ठरवलेले लिहू नका, घडलेले लिहा. कोणता रकाना कोरा आहे, ते तुम्हाला कळेल.